सहा पडला तर पुन्हा

आमच्या घरी लुडो खेळताना सहा पडला की मी आरडाओरडा करायचो. सहा म्हणजे सोंगटी घराबाहेर, वर आणखी एक डाव. टेंभी नाक्याजवळच्या त्या दोन खोल्यांत धाकट्या बहिणीशी माझी जेवढी भांडणं झाली, त्यातली निम्मी तरी सहावरून झाली असतील. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी जी घोडचूक केली तिचं मूळ तिथेच आहे. शेतकी कॉलेजात काय शिकलो ते मी आयत्या वेळी विसरलो आणि लुडो तेवढा लक्षात राहिला.

पदवी घेऊन मी खाडीकाठच्या एका भात-संशोधनाच्या शेतावर कामाला लागलो. कळव्याला उतरून तासभर चालत जावं लागे. नोकरी हंगामी होती आणि माझा ताठा मात्र कायमचा होता. पदवीचा कागद ट्रंकेत होता, तरी तो कपाळावर चिकटवल्यासारखा मी वागत असे.

त्या वर्षी पाच जातींच्या भातांची परीक्षा होती. खाडीच्या खाऱ्या जमिनीत कुठलं बियाणं टिकतं ते पाहायचं होतं. पहिल्या क्रमांकावर शेताच्या प्रमुखांनी, आमच्या साहेबांनी, स्वतः तयार केलेलं सुधारित बियाणं. मग बाहेरून आणलेली तीन. आणि यादीत शेवटी ‘राता’, म्हणजे तिथल्याच गावांत पिढ्यान्‌पिढ्या पेरलं जाणारं तांबड्या तांदळाचं भात. ते आम्हाला दिलं होतं शेजारच्या गावातल्या एका आगरी मावशींनी. आमच्याकडे आवणीला, म्हणजे रोपं लावायला, ज्या बाया येत त्यांच्या त्या पुढारी. नवरा मिठागरात काम करून करून गेलेला, आणि बांधाकाठची खारी जमीन त्या एकट्या कसत होत्या. पाचांत ज्याचं पीक सगळ्यात कमी येईल ते बियाणं शेतावरून काढून टाकायचं असं ठरलं होतं. राता निघालं असतं तर पुढच्या वर्षापासून गावागावांत दुसरं बियाणं वाटलं गेलं असतं, आणि मावशींचं भात दोन-चार वर्षांत संपलं असतं. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शेताचे चार पट्टे पाडले होते आणि प्रत्येक पट्ट्यात पाच वाफे होते. पहिला वाफा गोड्या पाण्याच्या पाटाला लागून होता आणि पाचवा खाडीच्या बांधाला, जिथे खार पाझरून वर येई. पहिल्यात टाकाल ते तरारणार आणि पाचव्यात कशाचाही जीव मेटाकुटीला येणार. म्हणून प्रत्येक पट्ट्यात कुठलं बियाणं कुठल्या वाफ्यात जाईल हे माणसाने ठरवायचं नव्हतं. त्यासाठी मुद्दाम क्रम न लावता छापलेल्या आकड्यांचं पुस्तक असतं, ते पुण्याहून यायचं होतं आणि येतच नव्हतं. चिठ्ठ्या टाकाव्यात तर पावसात त्यांचा लगदा होई. मी मोठ्या ऐटीत साहेबांना म्हणालो, ‘‘फासा आहे ना घरी, उद्या आणतो.’’

रीत अशी ठरवली: यादीतल्या पहिल्या बियाण्यासाठी फासा टाकायचा, येईल त्या आकड्याचा वाफा त्याचा. मग दुसऱ्यासाठी. भरलेल्या वाफ्याचा आकडा आला तर पुन्हा टाकायचा. चार बियाण्यांना वाफे मिळाले की उरलेला पाचव्याला आपोआप गेला. आणि सहा पडला तर? वाफे तर पाचच. इथे माझा लुडो आडवा आला. सहासारखा आकडा वाया घालवणं माझ्या जिवावर आलं. मी म्हटलं, सहा म्हणजे एक समजू. वेळही वाचेल.

शेतावरच्या पडवीत परातीत फासा टाकला. साहेबांच्या बियाण्याला दोन पट्ट्यांत पहिला वाफा मिळाला, दोन्ही वेळा सहा पडून. राताला तीन पट्ट्यांत खाडीचा बांध मिळाला आणि चौथ्यात त्याच्या अलीकडचा वाफा. मी कागदावर लिहून घेतलं, वाफ्यांत पाट्या रोवल्या आणि उद्या सकाळपासून आवणी असं बायांना सांगून टाकलं.

मावशी परातीशेजारी बसून सगळं पाहत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘भाऊ, एक पडला तरी पैला वाफा, नि सहा पडला तरी पैलाच वाफा?’’

‘‘हो. तसं ठरलंय.’’

‘‘मंग त्या वाफ्याला दोन दारं झाली. बाकीच्यांना एकेक. नि आमचं भात सगल्यांच्या मागं उभं. आमी जाऊन पोचंस्तवर पैल्या वाफ्यात कुनी ना कुनी घुसलेलाच असनार.’’

मला राग आला. खरं सांगायचं तर त्या खरं बोलतायत की काय या शंकेने जास्त आला. मी म्हणालो, ‘‘मावशी, शेवटी असल्याने काहीही फरक पडत नाही. हे गणित आहे. दुपारी मांडून दाखवतो तुम्हाला.’’

‘‘दाखवा,’’ त्या म्हणाल्या आणि चहाला निघून गेल्या.

डबा खाऊन मी मांडायला बसलो. राताला पहिला वाफा मिळायचा तर आधीच्या चारही बियाण्यांनी तो चुकवायला हवा. सहा मोजलाच नाही असं धरलं, तर पहिलं बियाणं तो पाचांत चार वेळा चुकवतं. मग उरलेल्या चार वाफ्यांत दुसरं तो तीन वेळा चुकवतं, तिसरं तिनांत दोनदा, चौथं दोनांत एकदा. गुणाकार केला तर बरोबर एकपंचमांश. म्हणजे पहिल्या बियाण्याइतकीच संधी शेवटच्यालाही. माझं म्हणणं खरं होतं! मी खूश होऊन कागद मावशींकडे न्यायला उठलोसुद्धा.

मग जाणवलं की मी हे सहा टाकून देऊन मांडलंय, आणि सकाळी सहा टाकून दिलेलाच नाही. पुन्हा बसलो. आता पहिल्या वाफ्याकडे दोन आकडे. पहिल्या बियाण्याला तो सहांत दोनदा, म्हणजे तिनांत एकदा मिळणार. आणि राताला? सहांत चार, मग पाचांत तीन, चारांत दोन, तिनांत एक. गुणाकार आला एक-पंधरांश. मी तो तीनदा करून पाहिला. साहेबांच्या बियाण्याला तिनांत एक आणि मावशींच्या भाताला पंधरांत एक. अक्षर न वाचता येणाऱ्या बाईने जे नुसतं पाहून ओळखलं होतं, ते शोधायला मला डबाभर पोळी-भाजी आणि दोन कागद लागले होते. मला भयंकर लाज वाटली.

गप्प बसता आलं असतं. कागदावर साहेबांची सही होती, रोपांच्या मुठी वाफ्यावाफ्यापाशी पोचल्या होत्या आणि बाया दुसऱ्या दिवसाची तयारी करत होत्या. हंगामी माणसाने स्वतःची चूक स्वतः उकरू नये असंही मनात आलं. पण बाहेर पडवीत मावशी आपल्या रोपांची मूठ सैल झाली होती ती पुन्हा बांधत बसल्या होत्या, आणि ते पाहून माझ्याने गप्प बसवेना. कागद घेऊन मी साहेबांकडे गेलो.

साहेबांनी दोन्ही कागद वाचले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला.

‘‘एक विचारतो,’’ ते म्हणाले. ‘‘निकाल आवडला नाही म्हणून पुन्हा टाकायचा म्हणताय, की रीत चुकली म्हणून?’’

‘‘रीत चुकली म्हणून, साहेब. माझी चुकली.’’

‘‘मग आधी रीत लिहा. त्यानंतर जे येईल ते येईल, तिसऱ्यांदा टाकणं नाही.’’ मग कागद माझ्या हातात देत म्हणाले, ‘‘सकाळी माझ्या बियाण्याला दोनदा पहिला वाफा मिळाला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं हो. तेव्हाच संशय यायला हवा होता.’’

मी त्यांच्यासमोर लिहिलं: एक ते पाच, तो तो वाफा. सहा पडला तर तो पडलाच नाही असं समजून पुन्हा टाकणे. भरलेला वाफा आला तरी पुन्हा टाकणे. बाकी कशासाठीही पुन्हा टाकणे नाही. खाली आम्ही दोघांनी सह्या केल्या आणि मावशींनी अंगठा उठवला.

परातीभोवती सगळ्या बाया जमल्या. मी फासा टाकला. सहा. पुन्हा टाकला. सहा. तिसऱ्यांदाही सहाच. बाया फिदीफिदी हसायला लागल्या. लुडोत असे सहा पडावेत म्हणून मी आयुष्यभर देव पाण्यात ठेवले असते, आणि इथे ते एकामागून एक फुकट चालले होते. चौथ्या वेळी दोन पडला. साहेबांचं बियाणं दुसऱ्या वाफ्यात गेलं. मग तीन, एक, चार. राताला उरला पाचवा. पुन्हा खाडीचा बांध.

बाया हळहळल्या. त्यांतली एक म्हणाली, ‘‘पुन्ना टाका ना, भाऊ.’’ माझा हातही फाशाकडे गेला होता, खोटं कशाला बोलू.

मावशींनी माझ्या हातावर हात ठेवला. ‘‘का म्हनून? सहा पडलाय काय?’’

मी हात मागे घेतला. पुढच्या पट्ट्यात राताला तिसरा वाफा मिळाला, त्याच्या पुढच्यात पहिला, शेवटच्यात चौथा. साहेबांच्या बियाण्याला एका पट्ट्यात बांध आला, तेव्हा त्यांनी नुसती मान डोलावली. संध्याकाळपर्यंत मी पाट्या उपटून नव्या जागी रोवल्या, गुडघाभर चिखलात, एकट्याने. ती शिक्षा मीच मला दिली होती आणि मला ती बरी वाटली.

दसरा झाला, भात पिकलं. बांधालगतच्या वाफ्यात साहेबांचं बियाणं पिवळं पडून बसलं होतं. राता तिथे बुटकं राहिलं, पण लोंब्या भरल्या. पाटाकडच्या वाफ्यांत मात्र साहेबांचंच अंगापिंडाने भारी. झोडणी झाली, वजनं झाली, चारही पट्ट्यांची बेरीज झाली. राता दुसरं आलं. पहिलं नाही आलं, पण दुसरं आलं, आणि बाहेरून आणलेल्यांपैकी एक गळलं. मी पळत बांधापर्यंत गेलो आणि मावशींना सांगितलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि त्या परत आपल्या शेताच्या कापणीला वाकल्या. मला मात्र रडू आलं.

पुढच्या पावसाळ्याची यादी करायची होती तेव्हा आकड्यांचं पुस्तक पुण्याहून आलं होतं. तरी साहेबांनी मला फासा आणायला सांगितलं. मावशींना बोलावून ते म्हणाले, ‘‘बाई, गेल्या साली तुमचं भात यादीत शेवटी होतं. या वेळी पहिलं लिहू या.’’

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘भाऊ, सहा पडला तर पुन्ना टाकनार ना?’’

‘‘टाकणार, मावशी.’’

‘‘मंग ऱ्हाऊ द्या शेवटीच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता कुठंबी लिवा, सारखंच हाय.’’