पाचशे एकोणनव्वदचा रंग

नाव : श्री. लवू दत्ताराम पराडकर. मुक्काम तोंडवली, तालुका मालवण. पद : प्रयोगशाळा परिचर, भौतिकशास्त्र विभाग. सेवा : सव्वीस वर्षे. कामाचे स्वरूप : उपकरणे मांडणे, पुसणे, मोजून परत ठेवणे. शैक्षणिक अर्हता : दहावी, दुसऱ्या प्रयत्नात. शास्त्रीय विषयांवर मत देणे सदर पदाच्या कर्तव्यांत समाविष्ट नाही.

हे वर्णन कॉलेजच्या सेवापुस्तकात आहे आणि त्यात खोटं काही नाही. लवूच्या बापाची होडी होती, पण होडी हलली की लवूच्या पोटातलं सगळं हलायचं. त्यामुळे समुद्र सोडून तो एसटीने मालवणात आला आणि प्रयोगशाळेच्या डार्क रूममध्ये स्थिरावला. तिथे काळे पडदे होते, खिडकीला पुठ्ठा ठोकलेला होता, आणि पुठ्ठ्यापलीकडे समुद्र जमिनीवर अंथरूण ओढल्यासारखा आवाज करत असायचा. आत सोडियमचा दिवा. तो पेटला की खोलीतले सगळे रंग निघून जात. मुलांच्या लाल वह्या काळ्या, निळे शर्ट काळे, चेहरे जुन्या फोटोतल्यासारखे. उरायचा एकच पिवळा. त्या उजेडात स्टुलावर बसून लवू कित्येक दुपारी कुठे कुठे जाऊन यायचा, आणि हजेरीपटावर मात्र हजर असायचा.

यंदा जुनी उपकरणं निर्लेखित करायची टूम निघाली. वर्णपट आता पडद्यावर दाखवायचा असं ठरलं. काम नव्या प्राध्यापिका प्रियांका मॅडमांकडे आलं. त्या दोडामार्गच्या, हुशार आणि घाईतल्या. त्यांनी लॅपटॉपवर तीनशे ऐंशीपासून सातशे ऐंशी नॅनोमीटरपर्यंतच्या रंगांची पट्टी काढायला घेतली आणि भंगाराच्या यादीचा कागद शेजारी ठेवला. यादीत सातव्या क्रमांकावर सोडियमचा दिवा होता. शेरा नव्हता अजून.

"चालतोय का बघू या," मॅडम म्हणाल्या. "चालत असेल तर ठेवू. नाहीतर तो जागा अडवतोय."

लवूने बटण दाबलं. दिव्याच्या पोटात गुलाबी उजेड उमलला, जास्वंदीच्या पाकळीमागून ऊन यावं तसा.

मॅडमांनी एक नजर टाकली. "बिघडलाय. सोडियम पाचशे एकोणनव्वद नॅनोमीटर. पिवळा. हा तर गुलाबी." त्यांनी पट्टीकडे बोट केलं. "आणि गुलाबी म्हणजे कुठलीच एक तरंगलांबी नसते, काका. ही पट्टी अख्खी शोधा, गुलाबी सापडणार नाही." आणि त्यांनी सातव्या क्रमांकापुढे लिहिलं : सदोष.

यात मॅडमांची चूक म्हणावी तर ती अशी की, त्या विद्यार्थिनी असताना त्यांच्या कॉलेजात कुणीतरी लवू होता. मुलं आत येण्याआधी तो दिवा लावून ठेवायचा. तापलेला पिवळा दिवाच त्यांनी आयुष्यभर पाहिला होता.

"मॅडम, वायच थांबा."

"का?"

"तो अजून जागो जाल्लो नाय," लवू म्हणाला, आणि मग ऑफिसची भाषा आठवून म्हणाला, "म्हणजे, आत आधी दुसरा वायू पेटतो. तो गुलाबी. सोडियम गोठलेलं असतं, ते वितळून वर यायला दहा मिनिटं लागतात."

"निऑन!" मॅडम म्हणाल्या. कपाळाला हात लावावा की पेन शोधावं, हे त्यांना ठरवता येईना. दोघं स्टुलांवर बसले. पुठ्ठ्यापलीकडे भरती होती. गुलाबी हळूहळू नारिंगी झाला, नारिंगी पिवळा होत गेला, आणि मग एका क्षणी खोलीतून बाकीचे रंग निघून गेले. मॅडमांची लाल ओढणी काळी झाली. लवूची ही रोजचीच वेळ होती.

"पण पडद्यावर हाच रंग आला तर दिवा कशाला हवा?" मॅडमांनी शेवटी विचारलं. प्रश्न रास्त होता. यादीवर सदोष खोडून त्यांनी तिथे अनावश्यक लिहायला घेतलं होतं.

लवूने लॅपटॉप दिव्याशेजारी ओढला. पट्टीवर पाचशे एकोणनव्वदचा चौकोन मोठा करून घेतला आणि दिव्याच्या उजेडात एक पांढरा कागद धरला. "हेंका बघा. ह्यो लिंबू. आणि ह्यो?"

चौकोन खरंच लिंबासारखा होता. कागद हळदीच्याही पुढे, नारिंगीकडे गेलेला.

"असं कसं?" मॅडमांनी सूत्र वर काढलं. पट्टीचे तुकडे पाडलेले होते. पाचशे दहापासून पाचशे ऐंशीपर्यंत हिरवा पूर्ण आणि लाल शून्यापासून चढत जाणारा. पाचशे ऐंशीनंतर लाल पूर्ण आणि हिरवा सरळ रेषेत उतरत सहाशे पंचेचाळीसला शून्य. दोन्ही टोकांना उजेड मंद. पाचशे एकोणनव्वदला लाल पूर्ण, म्हणजे दोनशे पंचावन्न, हिरवा दोनशे वीस, निळा शून्य. "सूत्र बरोबर आहे."

"सूत्र बरा आसा. रंग बरो नाय."

मॅडम हसल्या. दोडामार्गचं माणूस अशा वेळी पुणेरी बोलत राहू शकत नाही. "खरा तां. सरळ रेषा सोयीसाठी ओढलेल्या असतात." मग त्यांनी दुसरी वाट धरली : माणसाचा डोळा कुठल्या तरंगलांबीला किती प्रतिसाद देतो त्याचं कोष्टक. त्यातून आकडे काढले आणि थबकल्या. "निळा वजा येतोय."

"वजा म्हंजे?"

"शून्यापेक्षा कमी. पडद्याला लाल, हिरवा, निळा एवढंच येतं. आणि दिव्याचा पिवळा इतका निव्वळ आहे की निळा पूर्ण बंद केला तरी पडदा तिथवर पोचत नाही, अजून थोडा काढून घ्यायला हवा. आणि नाहीच त्यातून काय काढणार? पाचशेच्या आसपास, हिरव्यात, तर लालच वजा येतो, आणि तो भरपूर."

लवूला हे फार आवडलं. समुद्राच्या एखाद्या हिरव्यात इतका कमी लाल असावा की तो कुणाकडून तरी उसना आणावा लागावा. तो हे बराच वेळ मनात घोळवत राहिला.

"वजा असेल तिथे शून्य धरतात," मॅडम म्हणाल्या, आणि चौकोन बदलला. दोनशे पंचावन्न, एकशे अठ्ठावीस, शून्य.

"आता गाजर झाला."

"काका!"

"पण जवळचा गाजर. वायच हळद टाका."

मॅडमांनी हिरवा एकेकाने वाढवला. लवू कागद आणि चौकोन यांच्यामध्ये डोळे ठेवून उभा होता, मान जराशी कलती. एकशे तीसला त्याने बोटाने पुढे जायची खूण केली. एकशे पस्तीसला त्याने श्वास घेतला. एकशे अठ्ठेचाळीसला "गेला, गेला, मागे या" म्हणाला. एकशे चाळीसला त्याचा कागद धरलेला हात खाली आला.

"ह्योच?" मॅडमांनी विचारलं.

"ह्यो त्येचो भाऊ. तो नव्हे, पण त्येचो भाऊ."

मॅडम बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिल्या. भाऊ म्हणजे भाऊच, तो नव्हे. आणि भाऊ ओळखायचा तर मूळ माणूस शेजारी उभा हवा. त्यांनी यादी घेतली, सातवा क्रमांक आडव्या रेघेने पूर्ण खोडला आणि सही केली. मग दिवा विझवून दार उघडलं, तेव्हा ओढणी परत लाल झाली.

पट्टी आता प्रयोगशाळेच्या पडद्यावर आहे. खाली बारीक अक्षरात लिहिलंय : रंग अंदाजे. मॅडमांनी बाकीच्या चारशे तरंगलांब्यांचे आकडे कोष्टकातून काढलेत. पाचशे एकोणनव्वदचे लवूने सांगितलेत.