तिसऱ्यांच्या टाक्या आणि महिन्याची रजा

नव्वदच्या दशकात मी पनवेलच्या कॉलेजात पीएच.डी. करत होते. खाडीतल्या तिसऱ्यांवर, म्हणजे खायच्या शिंपल्यांवर, पाण्यातल्या तांब्याचा काय परिणाम होतो, हा विषय. प्रयोग तीस दिवसांचा. रोज टाक्यांचं पाणी बदलायचं, मेलेल्या तिसऱ्या मोजायच्या, रजिस्टरमध्ये लिहायचं.

बाराव्या दिवशी उरणहून निरोप आला: आई धक्क्यावर घसरली, पाय मोडला. ती मासे विकायची. तिचं करायला माझ्याशिवाय घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि बाजारातली तिची जागा महिनाभर रिकामी राहिली तर दुसरीच कुणी तिथे बसली असती.

मी अर्ज लिहून गाइडसरांपुढे ठेवला. त्यांच्या शिफारशीशिवाय तो विभागप्रमुखांकडे जात नसे. सर कडक होते. अर्ज वाचून चष्म्यावरून बघत म्हणाले, "घरगुती कारण? म्हणजे नेमकं काय?"

आई मासे विकते, हे मी कॉलेजात कधी कुणाला सांगितलं नव्हतं. खाली मान घालून सगळं सांगितलं. त्यांनी अर्ज माझ्याकडे परत सरकवला.

"मग तेच लिही. यात लपवण्यासारखं काय आहे?"

मी दुसरा अर्ज लिहिला. त्यांनी सही केली.

"आणि टाक्या, सर?"

"मी बघतो. तू नीघ, एसटी चुकेल."

महिनाभर सकाळी आईचं आवरून मी तिच्या जागेवर माशांची पाटी घेऊन बसले. सुरुवातीला ओरडताना आवाज फुटेना. एका रविवारी समोर सर उभे, हातात कापडी पिशवी. आईची चौकशी करायला आले होते. घरी नेलं, तर आई खाटेवरूनच म्हणाली, "सर, पोरीचं नुसकान नाय ना व्हनार? तुमी सांगा, मी उद्याच उठते."

"तुम्ही मुळीच उठायचं नाही," सर म्हणाले. आईला तसं दटावणारं बऱ्याच वर्षांत कुणी भेटलं नव्हतं. ती हसली.

महिन्यानंतर लॅबमध्ये गेले, तर एक टाकी रिकामी होती. तांबं न मिसळलेल्या पाण्याची, जिच्याशी बाकीच्यांची तुलना करायची तीच. रजिस्टरमध्ये सरांच्या अक्षरात रोजची नोंद होती. सव्विसाव्या दिवसापुढे लिहिलं होतं, 'या टाकीचा हवेचा पंप सुरू करायला विसरलो. सर्व मृत. चूक माझी.'

म्हणजे सगळाच प्रयोग वाया गेला होता. मला रडू येत होतं, रागही येत होता. सर दारात उभे होते. एवढा मोठा माणूस, पण परीक्षेत नापास झाल्यासारखा चेहरा.

"तुझे इतके दिवस फुकट गेले माझ्यामुळे," ते म्हणाले.

माझा राग कुठे गेला कोण जाणे. "सर, उद्या ओहोटी सकाळी आहे," मी म्हटलं. "नव्या तिसऱ्या आणू."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंही खाडीच्या चिखलात उतरलो. सरांची एक चप्पल चिखलात रुतली ती रुतलीच. ते तसेच, एका पायात चप्पल घालून कॉलेजात आले.