पदवीदानाची रजा आणि चौकातले साहेब

निपाणीच्या एका दुचाकीच्या शोरूममध्ये मी आरटीओची कागदपत्रं बघत होते. एम.कॉम. पुण्यात झालं होतं. पदवीदान तिथंच, आणि नेमकं पाडव्याच्या आदल्या आठवड्यात. दोन दिवसांच्या रजेचा अर्ज मी मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो नीट वाचला, हीच पंचाईत झाली. पाडव्याला गाड्या न्यायला झुंबड उडते, तुमची कागदं कोण करणार, म्हणाले, आणि वर विचारलं, "सर्टिफिकेट पोस्टानं येतंय न्हवं?"

येऊ शकत होतं. फॉर्म भरताना 'पोस्टाने' की 'प्रत्यक्ष' असं विचारलं होतं, मी 'प्रत्यक्ष' निवडलं होतं. कारण सोबत एका पाहुण्याला पास मिळत होता. माझे वडील, आप्पा, गवंडी. कॉलेजांच्या इमारती बांधल्या त्यांनी, पण आतल्या खुर्चीवर बसायला कुणी बोलावलं नव्हतं. मला त्यांना तिथं बसवायचं होतं. हे साहेबांपुढं बोलायला माझी जीभच उचलेना. रजा नामंजूर झाली.

घरी सांगायलाही धीर होईना, कारण आप्पांनी नवा शर्ट शिवायला टाकला होता. मी गप्प बसले आणि घोळ घालून ठेवला. दोन दिवसांनी चिकोडी रस्त्यावर, आमच्या गावच्या चौकात आप्पांनी माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लावला. मध्ये माझा आधार कार्डावरचा रडका फोटो, खाली शुभेच्छुक. त्यांत सगळ्यांत मोठे, गॉगल लावलेले, आमचे साहेब. साहेबांचा फोटो आप्पांनी माझ्या भावाकडून त्यांच्या व्हॉट्सअॅपच्या डीपीवरनं काढून घेतला होता. रजा देणाऱ्या माणसाला मान नको का, असं त्यांनी मलाच सुनावलं.

साहेब चिकोडीचे. रोज मोटारसायकलवरून त्याच चौकातून यायचे.

सकाळी ते हेल्मेटसकट माझ्या टेबलासमोर उभे राहिले. नोकरी गेली असं धरून मी पास, आप्पा, शर्ट, सगळं एका दमात सांगून टाकलं. थोडी रडलेही. साहेब खुर्ची ओढून बसले.

"चौकातल्या चहावाल्यानं गाडी थांबवून माझा हात हातात घेतला," ते म्हणाले. "लई मोठं मन हाय साहेब तुमचं, म्हणाला. आता त्याला काय सांगू मी?"

मग त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या मुलाला दोन दिवसांसाठी माझं कागदांचं काम शिकून घ्यायला सांगितलं. जाता जाता माझ्याकडं वळून, पुढच्या वेळी फोटो विचारून घ्या, तो गोव्यातला आहे हे बायकोला माहीत नाही, एवढं बजावलं.

पुण्यात स्टेजवर गेले ते पीएचडीवाले आणि सुवर्णपदकवाले. आम्हा बाकीच्यांना जागेवर उभं करून पदवी दिल्याचं जाहीर केलं आणि सर्टिफिकेटसाठी खिडक्यांवर पाठवलं. मला भयंकर राग आला. एका खिडकीसाठी मी एवढा आटापिटा केला होता. आप्पा मात्र आतल्या खुर्चीवरून उठून तासभर माझ्याबरोबर रांगेत ताठ उभे होते. खिडकीतल्या बाईंनी पावती पाहून सर्टिफिकेट पुढं केलं, तर माझ्याआधी त्यांचेच दोन्ही हात पुढं गेले.

विद्यार्थिनीनंच घ्यायचं असतं, बाई म्हणाल्या.

"व्हय, तिचंच हाय," आप्पा म्हणाले. "मी नुसतं धरतो."

बाईंनी सर्टिफिकेट त्यांच्याच हातांत ठेवलं आणि हात वर करून मागची रांग थांबवली.