जादा पाण्याची वाट

हेडमास्तरांचा फोन आला तेव्हा मी पंचायत समितीच्या बांधकाम विभागात चहा पीत बसले होते. दोन दिवसांची झड लागलेली. गावातल्या एसटीडीवरून ते बोलत होते आणि आवाजात नुसता आनंद. आपण बांधलेली टाकी काठोकाठ भरली म्हणाले. मी शाब्बास म्हणणार, तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. "आणि मॅडम, एक थेंब बाहेर जाऊन नाही राहिला."

टाकी भरली आहे, वर पाऊस सुरू आहे आणि पाणी बाहेर जात नाही. मग ते जातंय कुठे? मी विचारलं, जुन्या कौलारू खोलीत आत्ता कोण बसलंय? तिसरी-चौथी, ते म्हणाले. मी म्हटलं, मुलं ताबडतोब बाहेर काढा, देवळात नेऊन बसवा. ते "पण पाऊस" म्हणाले आणि लाइन तुटली.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास मी आमगाव भागात कनिष्ठ अभियंता होते. शाळेच्या छतावरचं पाणी साठवायची योजना आली आणि टाकी कशी, केवढी बांधायची ते ठरवणारी संकल्पन टिपणी माझ्या गळ्यात पडली. टिपणी म्हणजे चार पानं, जी सही करणारे कधी वाचत नाहीत. मी मात्र जीव लावून लिहिली होती. नव्या इमारतीचा स्लॅब चाळीस मीटर लांब, सहा रुंद, म्हणजे दोनशे चाळीस चौरस मीटर. आमच्याकडचा पाऊस वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास. भिजण्यात, उडण्यात जातं ते सोडून ऐंशी टक्के हाती लागतं असं धरलं, तर वर्षाचं पाणी अडीच लाख लिटर. मुलं दोनशे, प्यायला आणि खिचडीला माणशी दोन लिटर, कोरडे चार महिने. त्याला पन्नास हजार लिटरची टाकी पुरत होती. मोठी बांधायला ना जागा ना मंजुरी.

म्हणजे उरलेल्या दोन लाख लिटरला बाहेर जायला वाट हवी. माझ्या टिपणीतलं शेवटचं पान त्याच पाण्याचं होतं. तासाला शंभर मिलिमीटरची सर आली तर छतावरून सेकंदाला पाच लिटरहून जास्त पाणी येतं. म्हणून टाकीच्या गळ्याशी सहा इंची पाइप, तिथून नाली, नाली थेट नाल्यात. ते पान लिहिताना मला सगळ्यात जास्त भीती वाटली होती. कारण टाकीच्या पलीकडे, उताराच्या बाजूला, जुनी खोली होती. तिची भिंत मातीची, पाया मातीत रचलेल्या दगडांचा. खोलीमागे रस्त्याचा भराव. टाकीचं पाणी त्या बाजूला वळलं तर त्याला पुढे जायला जागाच नव्हती.

जीप मिळाली, पण वाटेत नाल्यांवरच्या प्रत्येक बुटक्या रपट्यावर पाणी. ड्रायव्हर हळू चालवत होता आणि मी त्याच्यावर उगाच खेकसत होते. हेडमास्तरांनी ऐकलं असेल का, एवढंच डोक्यात घोळत होतं. देवाचं नाव मी सहसा घेत नाही, त्या दिवशी मात्र घेतलं.

मुलं देवळाच्या मंडपात होती. भिजलेली, दात वाजत होते, पण होती. मला तिथेच रडू आलं. ते गिळून मी टाकीकडे पळाले.

झाकणाच्या फटीतून पाणी उसळून खोलीच्या भिंतीशी साचलं होतं, गुडघ्याच्या जरा खाली. सहा इंची पाइपात पोतं कोंबून वरून चिखलाचा गिलावा लावला होता. इतका सफाईदार गिलावा आमचा कंत्राटदारही करत नाही. शेजारी शाळा समितीचे अध्यक्ष उभे होते, साठीतले, धानाचे मोठे शेतकरी, फावडं हातात घेऊन. काम त्यांचंच होतं आणि ते खुशीत होते. मी आधी ते पोतं काढायला लावलं. त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

"भरलेलं पाणी कायले सोडता, मॅडम?" ते म्हणाले.

त्यांच्यावर रागावून तरी काय करायचं? धानाची रोवणी झाली की आमच्याकडचा प्रत्येक माणूस हेच करतो. बांधीचं, म्हणजे धानाच्या खाचराचं, तोंड चिखलाने बुजवायचं आणि पाणी उभं ठेवायचं. वाहून जाणारं पाणी बघवत नाही त्यांना. याच माणसाने तलावाच्या सांडव्याला कधी हात लावला नसता, कारण सांडवा बुजला की तलावाची पार, म्हणजे मातीचा बांध, फुटते हे त्याला ठाऊक आहे. पण टाकी जमिनीत, पाइप हातभर. त्याला ती बांधीच वाटली.

पाइप मोकळा झाला. मग गडी लावून भरावात चर खणला आणि भिंतीशी साचलेलं पाणीही हळूहळू उतरलं. पाऊस थांबला, ऊनही पडलं. भिंत होती तिथेच होती.

खरी भीती मला त्यानंतर वाटली. ओली मातीची भिंत पाणी असताना पडते तशी पाणी गेल्यावरही पडते. कधी, ते कोणी सांगू शकत नाही. माझ्या चार पानांत छत होतं, पाऊस होता, टाकी होती. भिजलेली भिंत किती वेळ उभी राहील याचा हिशेब कुठेच नव्हता. मी सगळ्यांना अंगणाच्या या टोकाला अडवून धरलं. दुपार झाली. आया आल्या, मुलांना भूक लागली. मुलांची दप्तरं आत अडकलेली. लोक माझ्याकडे बघून हसायला लागले आणि हेडमास्तरही म्हणाले, आता आणायला हरकत नसावी. मी नाही म्हटलं. माझा आवाज कापत होता, तो सगळ्यांना ऐकू गेला.

अध्यक्षांची नात तिसरीत होती. ती दप्तरासाठी सारखी रडत होती. शेवटी ते उठले.

"काऊन भेववून राहिल्या लेकरायले? साठ वर्षांची भिंत हाय ते. काय नाई होत."

मी काही बोलायच्या आत ते आत गेले. मला ओरडताही आलं नाही. ते बाहेर आले, दोन्ही हातांत दप्तरं, तोंडावर हसू. ती त्यांनी नव्या इमारतीच्या ओसरीत ठेवली. नात म्हणाली, यात माझं नाही. ते परत वळले.

मी धावत गेले आणि त्यांचं मनगट धरलं, दोन्ही हातांनी. अख्ख्या गावासमोर. त्यांच्या घरात सुना त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हत्या आणि मी परकी बाई त्यांना खेचत होते. त्यांचा चेहरा रागाने काळवंडला. "सोडा," ते म्हणाले. मी सोडलं नाही. ते हिसडा देत होते, मी चिखलात पाय रोवून उभी होते.

आवाज फार मोठा नव्हता. पोतं टाकल्यासारखा. भिंत खालून बसली, मग वासे आणि कौलं आत आली. पहिल्या रांगेतले मुलांचे बसायचे पाट दिसेनासे झाले. धूळ उडाली नाही, सगळं ओलंच होतं.

नातीचं रडणं थांबलं होतं. अध्यक्षांनी ढिगाऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सोडा बाई आता," ते हळूच म्हणाले. "नाई जात मी."

मला सोडायचं होतं. पण बोटं उघडेनात. हेडमास्तरांनी येऊन एकेक करून ती सोडवली.