तक्रारीखालचं उत्तर

इंदिरानगरच्या एका डोळ्यांच्या क्लिनिकचं रिसेप्शन मी गेली बारा वर्षं सांभाळते. ऑनलाइन तक्रारींना उत्तरं लिहायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं, कारण डॉक्टरांच्या मते माझं इंग्रजी गोड आहे. गोड कसलं! मी निपाणीकडची. समोरचा तणतणत आला की आधी ‘बसा, पाणी घ्या’ म्हणायची आम्हाला सवय. तेच मी इंग्रजीत लिहायचे.

बहुतेक तक्रारी एकाच गोष्टीच्या असतात: थांबावं लागतं. त्यात खोटं काही नाही. आमच्या अपॉइंटमेंट दहाला सुरू होतात आणि डॉक्टर सकाळी दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनं करून बाराला येतात, तेही नशीब असेल तर. शिवाय पंधरा मिनिटांत एकाऐवजी चार नावं घ्यायची, हा त्यांचाच नियम. पूर्वी लोक तासभर वाट बघून उठून जायचे. मग मी एक उपाय शोधून काढला. होय, मीच. पेशंट आला की लगेच नजर आणि डोळ्याचं प्रेशर तपासायचं आणि बाहुली मोठी व्हायचे ड्रॉप घालून टाकायचे. डोळ्यांपुढे धूसर झालं, उजेड खुपायला लागला की कोणी उठत नाही. डॉक्टर उशिरा आले तर पुन्हा एकदा ड्रॉप. या युक्तीचा मला बरीच वर्षं अभिमान वाटायचा, हे सांगताना आज लाज वाटते.

मग ती तक्रार आली. एक तारा, खाली लांबलचक मजकूर. वडिलांना मधुमेह आहे, दृष्टिपटलाला सूज आहे, लेझर लागेल का ते ठरवायचंय. आल्याबरोबर ड्रॉप घातले, साडेतीन तास बसवलं, मध्ये दोनदा पुन्हा घातले, आणि डॉक्टरांनी चार मिनिटं बघितलं. शेवटी लिहिलं होतं, ‘ते आयुष्यभर शिवणकाम करत आलेत. त्यांना डोळे वाचवायचे आहेत, तुमच्या खुर्च्या भरायच्या नाहीत.’

नाव नसतं तरी मी ओळखलं असतं. चिकपेटेतले ते म्हातारे टेलर, तीन पिढ्या इथे कानडी मुलखात मुरलेलं मराठी घर. मला ‘अक्का’ म्हणायचे. मी त्यांच्या मुलीएवढी, तरी अक्काच. त्या दिवशी ते मला म्हणाले होते, ‘‘अक्का, काजं करायला आता दुसऱ्याला द्यावं लागतं. सुई दिसत नाही.’’

उत्तरात पेशंटला ओळखल्याचं दाखवायचं नसतं, आजाराबद्दल तर अवाक्षर काढायचं नसतं. आधी मनापासून क्षमा मागायची, काय करतोय ते सांगायचं आणि ‘कृपया रिसेप्शनला फोन करा’ म्हणून संपवायचं. एरवी मी ‘आम्ही सुधारणा करत आहोत’ एवढ्यावर भागवायचे. त्या दिवशी मात्र मी सुधारणा लिहूनच काढल्या. एका वेळेला एकच नाव घेतलं जाईल. उशीर होणार असेल तर घरून निघण्याआधी कळवलं जाईल. आणि डॉक्टर क्लिनिकमध्ये पोचल्याशिवाय कोणाच्याही डोळ्यांत ड्रॉप घातले जाणार नाहीत.

यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. मला वाटलं, चारचौघांत टांगलं की डॉक्टरांना पाळावंच लागेल. त्यांनी दोन पेशंटच्या मध्ये फोनवर वाचलं आणि म्हणाले, ‘‘छान लिहिलंय. टाका.’’ मी ती परवानगी समजले. माझं खरं चुकलं ते इथे.

सोमवारी मी ड्रॉप थांबवले. साडेअकराला सातजण उठून गेले. डॉक्टर आले तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

‘‘ड्रॉप का नाही घातले?’’

‘‘सर, आपण उत्तरात लिहिलंय.’’

ते रागावले नाहीत, हसले. ‘‘अहो, ते लिहिण्यापुरतं.’’

मंगळवारपासून ड्रॉप पुन्हा सुरू झाले, एका वेळेला चार नावंही. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. टाकलेलं उत्तर बदलता येतं, दोन मिनिटांचं काम. मी बदललं नाही. बदलून काय लिहिणार होते?

त्याच आठवड्यात टेलरांच्या मुलीचा फोन आला, तक्रार तिनेच लिहिली होती. ‘‘तुमचं उत्तर वाचलं. अप्पांना परत यायचंच नव्हतं. मी त्यांना मराठीत सांगितलं तुम्ही काय लिहिलंय ते, तेव्हा कुठे हो म्हणाले.’’ तेव्हाच सांगायला हवं होतं की, बाई, दुसरीकडे दाखवा, वेळ घालवू नका. मी गुरुवारची साडेदहाची वेळ दिली. नोकरी प्यारी होती, दुसरं काय.

गुरुवारी दोघं सव्वादहालाच आली. मुलीने ऑफिसला सुट्टी टाकली होती. म्हाताऱ्यांनी स्वच्छ पांढरा शर्ट घातला होता, अर्थात स्वतः शिवलेला. ‘‘अक्का, आज स्वल्प लवकर होईल ना?’’

‘‘होईल, अप्पा.’’

मुलीने विचारलं, ‘‘ड्रॉप डॉक्टर आल्यावरच ना?’’

मी डॉक्टरांच्या ड्रायव्हरला फोन केला. ‘‘निघालोच,’’ तो म्हणाला. हे ‘निघालोच’ मी बारा वर्षं ऐकत आलेय, त्याचा अर्थ मला पाठ आहे. तरी मी विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता. ‘‘डॉक्टर रस्त्यातच आहेत,’’ मी मुलीला सांगितलं. आमची असिस्टंट ड्रॉपची बाटली हातात घेऊन माझ्याकडे बघत होती. मी ‘घाल’ म्हणून मान हलवली.

साडेअकरा झाले, साडेबारा झाले. म्हातारे रुमाल डोळ्यांवर धरून बसले होते. मुलीने त्यांना पिशवीतला बन खायला दिला, तो हातात चाचपून घेतला त्यांनी. एक वाजता डॉक्टरांचा फोन आला: ऑपरेशन अवघड झालंय, आज येणं जमणार नाही, सगळ्यांना पुढची तारीख द्या.

पुढची रिकामी तारीख वीस दिवसांनंतरची होती. मी ती कार्डावर लिहून दिली. मुलगी आरडाओरडा करेल, अशी तयारी मी मनात केली होती. तिने फक्त विचारलं, ‘‘ते उत्तर तुम्हीच लिहिलं होतं का?’’

‘‘हो.’’

‘‘छान लिहिलं होतं,’’ ती म्हणाली.

म्हातारे तिच्या खांद्यावर हात ठेवून, पायाने एकेक पायरी शोधत उतरले. जाताना मला म्हणाले, ‘‘असू दे, अक्का. तुमच्या हातात काय आहे?’’ माझ्या हातात होतं. एक मान हलवायची नव्हती, एवढंच होतं.

दिलेल्या तारखेला ती आली नाहीत. मी दोनदा फोन केला, उचलला नाही. तिसऱ्यांदा, बऱ्याच आठवड्यांनी, मुलीने उचलला. ‘‘अप्पांनी मशीन विकून टाकलं,’’ ती म्हणाली. ‘‘दुसऱ्या डॉक्टरकडे चला म्हटलं तरी नको म्हणतात. म्हणतात, सगळे लिहितात चांगलं.’’ मग तिने फोन ठेवला. त्यानंतर मी केला नाही.

तिची तक्रार अजून तिथेच आहे आणि खाली माझं उत्तर. गेल्या आठवड्यात पुण्याहून नवीन आलेली एक बाई आईला घेऊन आली. मराठी ऐकून खूश झाली. ‘‘आम्ही रिव्ह्यू वाचूनच आलो,’’ ती म्हणाली. ‘‘तक्रारीला एवढं मनापासून उत्तर हल्ली कोण देतं? तेव्हाच ठरवलं, आईला इथेच दाखवायचं.’’

घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. ‘‘बसा, पाणी घ्या,’’ मी म्हणाले. असिस्टंट बाटली घेऊन आली आणि तिने आईंना मान मागे करायला सांगितली.