एकच निकाल, दोन बहिणी

दिघीच्या वरच्या बाजूला बाबांची शेतजमीन होती. रस्त्यासाठी ती सरकारने घेतली आणि मोबदला आम्हा दोघी बहिणींना निम्मा-निम्मा मिळाला. मी म्हसळ्यात राहणारी निवृत्त शिक्षिका, धाकटी उरणला दिलेली. त्या मोबदल्यावर कर लागत नाही असं आमचे करसल्लागार सांगत होते, पण आयकर खात्याने दोघींवरही कर लावला. वसुली थांबावी म्हणून दोघींनी मागणीच्या वीस टक्के रक्कम भरली आणि अपील केलं. दोघींचे निकाल एकाच आठवड्यात इमेलने आले. दोघी जिंकलो.

तीन महिन्यांच्या आत धाकटीचे पैसे व्याजासकट खात्यात जमा झाले. माझ्याकडे काहीच नाही. उलट पोर्टलवर माझ्या नावापुढे जुनी मागणी जशीच्या तशी दिसत होती.

"बाई, अपील जिंकलं तरी त्याप्रमाणे नवा हिशेब करून आदेश काढायचं काम तुमच्या अधिकाऱ्याचं," करसल्लागार म्हणाले. "तो आदेश निघेपर्यंत त्या संगणकाच्या लेखी तुम्ही हरलेल्याच."

धाकटीने मला जेवायला बोलावलं. पापलेटं आणली होती, ओटीवर नवा झोपाळा लावला होता. ती "ताई, अजून एक घे" म्हणत वाढत होती आणि मी मनात झोपाळ्याची किंमत मोजत होते. लहानपणापासून हे असंच. आजारी मी पडायची, लाड तिचे व्हायचे. शाळेत नंबर माझा यायचा, नवा फ्रॉक तिला मिळायचा. हात धुताना मी तिला विचारलंच, "कुणाला काय दिलंस गं?"

तिला आधी कळलं नाही. कळल्यावर तिने फक्त टॉवेल माझ्या हातात दिला आणि आत गेली. पुढचे दोन महिने आम्ही बोललो नाही.

त्या दोन महिन्यांत आणखी एक झालं. माझ्या ठेवींच्या व्याजावर बँकेने कापलेला कर दरवर्षी मला परत मिळतो. या वर्षी तो त्या जुन्या मागणीपोटी वळता झाला. तशी नोटीस इमेलवर आली होती, हरकत घ्यायला मुदतही होती. मी ती पाहिलीच नाही. धाकटीची सून तिचे सगळे इमेल बघते, हेही मला पैसे वळते झाल्याचं कळलं त्या दिवशी टोचलं.

मी दोनदा ऑनलाइन तक्रार केली. दोन्ही वेळा "संबंधित अधिकाऱ्याकडे पाठवली" असं लिहून ती बंद केली गेली. मग करसल्लागारांनी एक गोष्ट शोधून काढली. मी नोकरीची पहिली वर्षं मुंबईत काढली होती, पॅन तिथलाच, म्हणजे माझी फाईल तिथल्या आयकर कार्यालयात. गावी आल्यावर पत्ता बदलला, पण पॅन काही जिल्ह्याच्या कार्यालयाकडे आला नाही. जिल्ह्याचं कार्यालय म्हणे, पॅन आमच्याकडे नाही. मुंबईचं म्हणे, पत्ता इथला नाही. धाकटीचा पॅन पहिल्यापासून जिल्ह्यातच होता. म्हणजे तिने कुणालाही काही दिलं नव्हतं.

मुंबईला जायची वेळ आली तेव्हा मी तिलाच फोन केला आणि कधी जाणार ते सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "पहिल्यांदा भरलेल्या रकमेचं चलन घेतलंस ना? माझ्याकडे तेच मागितलं होतं."

कार्यालयाच्या दारात ती माझ्याआधी पोचली होती. बाकावर बसल्यावर मी म्हटलं, "त्या दिवशी मी फार वाईट बोलले."

"हो, बोललीस," ती म्हणाली. मी त्याच लायकीची होते.

आतल्या अधिकाऱ्याने निकाल वाचला, चलन पाहिलं. "पॅन आमच्याकडे आहे तोवर आदेश आम्हालाच काढायला हवा," तो म्हणाला. "पॅन पाठवायचं नंतर बघू. अर्ज देऊन जा." धाकटीने पोचेचा शिक्का मारून घेतल्याशिवाय मला उठू दिलं नाही.

पाच आठवड्यांनी आदेश आला. मागणी शून्य. भरलेले पैसे आणि वळता केलेला परतावा, दोन्ही व्याजासकट मिळाले. पण आदेश काढायची मुदत खात्याने उलटू दिल्याबद्दलचं वेगळं जादा व्याज त्यात धरलंच नव्हतं. करसल्लागार म्हणाले, दुरुस्तीचा अर्ज करता येईल, रक्कम फार मोठी नाही.

मी धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, "सोड ना ताई आता, मिळाले ना पैसे."

सोडूनही दिलं असतं कदाचित. पण तिला सोड म्हणणं सोपं होतं, तिचं सगळं वेळेवर आलं होतं. फोन ठेवला आणि त्याच संध्याकाळी करसल्लागारांना अर्ज टाकायला सांगितला. तिला मात्र ते अजून सांगितलेलं नाही.