मालक नसताना बेल्ट कसे विकावेत

पालघरच्या सामाईक दुकानातून मी बाहेर पडलो तेव्हा थोरला भाऊ गिऱ्हाइकांसमोर म्हणाला होता, "तुला विकता येतं, शिकवता येत नाही. तू आजारी पडलास की तुझं दुकान बंद." ते मी विसरलो नाही. बोईसरला कारखान्यांच्या मशीनचे बेल्ट आणि बेअरिंग विकायचं दुकान मी एकट्याने उभं केलं, आणि सात वर्षांत एक दिवसही बंद ठेवलं नाही.

मग हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. किमान दहा दिवस दुकानाबाहेर. इथे कारखान्याचं मशीन थांबलं की फिटर सायकल मारत येतो. दार बंद दिसलं तर पालघरला माणूस पाठवतात. पालघरला म्हणजे भावाकडे.

दुकानात माझ्याशिवाय एकच माणूस होता. समुद्रकाठच्या घिवली गावचे काका, पन्नाशी उलटलेले, पूर्वी होडीवर जाणारे. माल उतरवायचे, लावायचे, सावकाश पण नीट वाचायचे. गल्ल्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता. मी सांगितलं, मी लिहून देतो, तसं करा.

चार पानं लिहिली. काकांनी पहिलंच वाक्य वाचून विचारलं, "गिऱ्हाईक बगून भाव सांगावा. शेट, गिऱ्हाइकाचं काय बगायचं?"

मी ओरडलो. चपला, हातातली पिशवी, घाई, सगळं बघायचं, एवढंही कळत नाही का. ते ऐकून घेऊन म्हणाले, "तुमाला दिसतं. मला नाय दिसत. ते कागदात कसं येनार?"

माझा सगळा धंदा घासाघिशीवर होता. मालाला लावलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर खरेदीचा भाव मी गुप्त अक्षरांत लिहायचो. ती अक्षरं बायकोलाही माहीत नव्हती. दोन दिवस चिडचिड केली. तिसऱ्या दिवशी बसलो आणि प्रत्येक चिठ्ठीवर विक्रीचा एकच भाव साध्या आकड्यात लिहिला. कागदावर लिहिलं: हाच भाव, कमी नाही, जास्त नाही. आपलीच नखं कापून घेतल्यासारखं वाटलं, पण लिहिलं.

बाकीचं नव्याने मांडलं. आधी जुना बेल्ट मागावा. त्यावरचा नंबर वाचून तोच द्यावा. नंबर पुसला असेल तर जुना बेल्ट मोजू नये, तो ताणलेला असतो. रुंदी बघावी आणि दोन्ही पुल्यांभोवती सुतळी फिरवून माप आणायला सांगावं. एका पुलीवर चार बेल्ट असतील आणि एक तुटला असेल तरी चारही नवे, एकाच गठ्ठ्यातले द्यावेत.

मग काकांना गल्ल्यावर बसवलं आणि मी स्टूल घेऊन गिऱ्हाइकाच्या बाजूला बसलो. ठरवलं, आठवडाभर तोंड उघडायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी कापड रंगवायच्या कारखान्यातला फिटर आला. चारातला एक तुटला होता, एकच हवा होता. काकांनी कागदावर बोट ठेवून चारचा सेट सांगितला. तो भडकला, "एक टूटा है तो चार क्यों लूँ? दुकान और भी हैं." दुकान और भी हैं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे भाऊ उभा राहिला. मी उठलो, काकांना बाजूला सारलं आणि एक बेल्ट देऊन टाकला.

तिसऱ्या दिवशी तो फिटर तोच नवा बेल्ट घेऊन परत आला, चिरफळलेला. जुने तीन ताणून सैल झालेले, सगळा भार नव्यावर. मशीन पुन्हा थांबलं होतं, साहेबाच्या शिव्या त्याने खाल्ल्या होत्या आणि त्या मला व्याजासह दिल्या. ऐकून घ्यावं लागलं. चार बेल्ट दिले, वाया गेलेल्या एकाचा भाव वजा करून.

फिटर गेल्यावर काकांनी पेन्सिल पुढे केली. "शेट, चारचा नेम खोडू का ठेवू? दोन्ही चालनार नाय."

राग आला होता, पण तो काकांचा नव्हता. मी कागद ओढला आणि त्या नियमाखाली लिहिलं: मालक समोर बसला असेल तरी हेच.

उरलेले चार दिवस मी खरोखर गप्प बसलो. एकदा जीभ चावली, दोनदा उठून बाहेर चहाला गेलो.

ऑपरेशन झालं. अकराव्या दिवशी पोट धरून रिक्षातून उतरलो, तर दुकान उघडं होतं आणि काका एका गिऱ्हाइकाला सुतळीने माप कसं घ्यायचं ते दाखवत होते. गिऱ्हाईक गेल्यावर विचारलं, कोण कोण आलं होतं. त्यांनी नावं सांगितली, आणि मग म्हणाले, पालघरहून तुमचे मोठे भाऊ येऊन गेले. बेल्टचा भाव विचारला, कमी करा म्हणाले.

"मग?"

"मंग काय. चिठ्ठी दाखिवली. म्हनाले, मी सख्खा भाऊ हाय त्याचा. मी बोललो, कागदात भावाचं काय लिवलं नाय."

"आणि घेतला?"

"दोन घेतले. पूर्ण भावात."

हसलो तर टाके दुखले. मी पुन्हा गिऱ्हाइकाच्या बाजूच्या स्टुलावर बसलो आणि काकांना म्हणालो, आज तुम्हीच बसा तिथे.